वळणावर तोडलेलं रेलिंग

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बायकोचे गुडघे दुखायचे, म्हणून सक्करदऱ्याच्या घरात जिन्याच्या भिंतीले रेलिंग लावायचं ठरलं. ती म्हणाली मिस्त्री बोलवा. मी म्हटलं, "काहून? माझे हात तुटले काय?"

उंची मी माझ्या कमरेनं धरली, ती तिच्या छातीशी आली. वळणावर पाइप वाकवता येईना, तर तोडून दोन तुकडे केले. स्क्रू आखूड होते, ते नुसत्या प्लास्टरात बसले.

"अहो, हे हलून राहिलं," ती म्हणाली.

"तू हलवू नको, मग नाही हलत."

आठव्या दिवशी उतरताना वळणावर तिनं एक पाइप सोडून दुसरा धरला, तर पाइप धरणारं ब्रॅकेट प्लास्टरासकट निघून आलं. ती पडली, तिचं उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात नेऊन तिचा हात बांधून आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिले पायरीवर उभं केलं आणि तिचा डावा हात भिंतीले सहज टेकला तिथं पेन्सिलनं खूण केली. मग मिस्त्रीच्या घरी जाऊन म्हटलं, "स्क्रू विटेत खोलवर जाऊ दे गा, आणि वळणावर पाइप तोडू नको."