चौथ्यांदा तेच नको

राजारामपुरीत मी वक्तृत्वाचे वर्ग घेते आणि त्याचा मला ताठा आहे, हे आधीच कबूल करते. माहेरच्या गावातली सकाळी सहाची एसटी बंद झाली. दादाने जाहीर केलं, गाडी नाही तर पोरीचं कॉलेजही नाही, आता स्थळं बघायची. मी त्याच्याशी भांडत बसले नाही. डेपोचे साहेब ग्रामसभेला येणार होते, म्हणून भाचीला भाषण लिहून दिलं.

त्यात तीन वाक्यं त्याच शब्दांनी सुरू होत होती. "सहाची गाडी नसली तर पहिला तास बुडतो. सहाची गाडी नसली तर प्रॅक्टिकल बुडतं आणि मार्कही जातात. सहाची गाडी नसली तर जयसिंगपूरला शिकणाऱ्या आम्ही अकरा जणी वर्ष बुडवून घरात बसतो." सुरुवात तीच, पण वाक्य दर वेळी लांब आणि नुकसान दर वेळी मोठं.

"चौथ्यांदा तेच शब्द आले की लोक ऐकत नाहीत, मोजायला लागतात," मी बजावलं. "तिसऱ्यानंतर थांब. मग वेगळं आणि आखूड बोल. गाडी सुरू करा, बास."

"आन् टाळ्या पडल्या तर, आत्या?"

"तर जास्तच सांभाळ."

टाळ्या पडल्याच. तिसऱ्या वाक्याला सगळी सभा तिच्या बाजूने होती आणि पोरगी वाहवत गेली. सहाची गाडी नसली तर दवाखाना लांब. सहाची गाडी नसली तर भाजी बाजारात उशिरा. नुकसान वाढायच्या ऐवजी लहान होत चाललं होतं. मागची पोरं तिच्याबरोबर ते शब्द म्हणू लागली, कुणी हसलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मी मागून हाताने थांब थांब खुणावत होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

ती गप्प झाली. सभेला वाटलं, विसरली. पोरांनीच सुरात म्हटलं, "सहाची गाडी नसली तर..."

तिने ते शब्द उचलले नाहीत. हसणं विरेपर्यंत ती थांबली.

"माझं लगीन लावत्यात," ती म्हणाली. "मला शिकायचंय."

हे मी लिहिलं नव्हतं. दादा दुसऱ्या रांगेत होता. चारचौघांत बापाची अब्रू काढली, आता हा इथेच तिचा हात धरून घरी नेणार, असं वाटून मी उठलेच. साहेब पेन उघडून गावाने दिलेल्या अर्जावर काहीतरी लिहीत होते. दादा माझ्याआधी उभा राहिला.

"सायेब, गाडी कवा द्यायची ती द्या," तो म्हणाला. "तवर मी सोडतो की तिला कॉलेजला."