कडेच्या माणसावरचा उजेड

आईने फोन डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला, पुन्हा जवळ नेला आणि म्हणाली, "कुठायत ते? मला तर नुसतं छप्परच दिसतंय."

मी बोट ठेवून दाखवलं. बोटाखाली तो भाग झाकला गेला. बोट काढलं तोवर व्हिडिओ पुढे सरकला होता. तिने फोन माझ्या हातात दिला आणि पोळ्या लाटायला निघून गेली. त्या दिवशी तिने पुन्हा विचारलं नाही, पण मला पक्कं माहीत होतं की तिला विचारायचंय.

धुळ्याच्या आमच्या घरात वडिलांचा एकच फोटो आहे. एका गटाच्या फोटोतून कापून मोठा केलेला, त्यामुळे डाव्या बाजूला कोणाचा तरी खांदा तसाच राहिलाय. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. सभा संपली की फोटोसाठी मंचावर गर्दी व्हायची, तेव्हा नाना मागे सतरंज्या गोळा करत असायचे. ते पत्रकं लिहायचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या वनजमिनीच्या दाव्यांवर, मजुरीवर, बंद पडलेल्या रेशनवर. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले आणि गणितं त्यांच्या कोऱ्या पाठीवर सोडवली. पत्रकाखाली त्यांचं नाव कधीच नसायचं. 'आम्ही गावकरी' एवढंच. मला ते तेव्हाही मोठं वाटायचं, आजही वाटतं. ज्या लढ्यात एकाचाच चेहरा पोस्टरभर पसरतो, तो लढा तिथेच अर्धा हरलेला असतो, असं मी मानते आणि कोणाशीही त्यावर भांडायला तयार असते.

तरीही नाना गेल्यावर मी घरभर त्यांचा चेहरा शोधत होते.

सापडला तो माझ्याच चित्रणात. त्यांच्यासोबत ज्या गावांत मी लहानपणापासून जात आले, त्यातल्या एका गावावर मी छोटा माहितीपट करत होते. गावच्याच लोकांना दाखवायचा म्हणून. नाना असताना तिथे एक बैठक झाली होती. मी लांबून घेतलेलं तिचं एक दृश्य होतं: झाडाच्या सावलीत बसलेली माणसं, त्यांच्यामागे उन्हात तळपणारा छपराचा पत्रा आणि उजव्या कडेला वाकून एका बाईला पत्रक वाचून दाखवणारे नाना.

त्या गावाची एक रीत होती. वाचून दाखवल्याशिवाय कोणी हातात कागद घेत नसे. न वाचलेल्या कागदांवर अंगठे देऊन तिथल्या लोकांचं पूर्वी इतकं गेलं होतं की नुसता कागद पुढे केला, तर हात पदराखाली जात. म्हणून नाना गठ्ठा घेऊन वाटत सुटायचे नाहीत. एकेका माणसासमोर थांबायचे, "ऐका, मग घ्या," म्हणायचे आणि पूर्ण वाचायचे. बैठक संपली तरी त्यांचा गठ्ठा अर्धा शिल्लक असायचा. बाकीचे कार्यकर्ते त्यांची थट्टा करायचे की नाना, तुमच्या वेगाने क्रांती यायची तर नातवंडांना निरोप देऊन ठेवा.

त्या दृश्यात त्यांचा आवाज नाही. बाजूला कोणीतरी लाउडस्पीकर तपासत होता, त्याच्या खरखरीत तो बुडालाय. ओठ हलताना दिसतात एवढंच. तेही मला दिसतात, कारण मला कुठे बघायचं ते माहीत आहे.

म्हणून मी जळगावला गेले. सराफ बाजाराजवळच्या एका गल्लीत, जिन्यावर, लग्नाचे व्हिडिओ करणारे एक भाऊ बसतात. मूळचे धरणगावकडचे. खोलीच्या भिंती करड्या रंगवलेल्या, खिडकीला जाड काळा पडदा, आणि कूलरचा असा आवाज की बोलायचं तर वाकून. लग्नसराई संपली होती, म्हणून त्यांना वेळ होता. माझा माहितीपट त्यांनी रंग सुधारून द्यायचं कबूल केलं होतं. या कामाला ते ग्रेडिंग म्हणतात. मी त्यांना आधीच बजावून ठेवलं होतं: कोणालाही जास्त उजळायचं नाही. लग्नात नवरीवर झोत आणि आचाऱ्यावर अंधार, तसलं माझ्या फिल्ममध्ये नको. सगळी माणसं सारखी.

ते दृश्य आलं. त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "इथं कोनाकडे देखानं?"

मी म्हटलं, सगळ्यांकडे.

"बठ्ठासकडे? मंग कोनीच दिखत नही." मग ते शहरातल्या मराठीवर आले, बहुतेक माझा चेहरा बघून. "ताई, डोळा उजेडाकडे जातो. या चित्रात सगळ्यात उजळ काय आहे? पत्रा. तुम्ही माणसं सारखी ठेवा म्हणता, पण उन्हाने आधीच निवड करून टाकलीय."

मला राग आला, कारण ते खरं होतं. आईला नुसतं छप्पर दिसलं होतं. मग मी उजव्या कडेवर बोट ठेवून सांगितलं की हे माझे वडील, आणि माझ्या आईला ते यात सापडत नाहीत.

भाऊंनी आधी पत्रा घेतला. तेवढ्या भागाला वेगळं आखून त्याची चकाकी खाली आणली, इतकीच की तो उन्हातला पत्राच राहावा पण ओरडू नये. मग नानांच्या चेहऱ्याभोवती एक लंबगोल काढला. त्याला मास्क म्हणतात. जे करायचं ते त्या गोलाच्या आतच होतं. आतला उजेड त्यांनी वाढवला आणि नानांच्या तोंडावर कोणी बॅटरी मारल्यासारखं झालं. गोलाची कड स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी कड मऊ करत नेली, इतकी पसरट की उजेड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगता येईना. पण चेहरा पांढुरका पडला होता.

"नाना गोरे नव्हते," मी म्हटलं.

"हाताला नवरदेवांची सवय," ते हसले. त्यांनी लख्ख भाग तसेच राहू दिले, फक्त मधल्या छटा किंचित वर उचलल्या आणि उडालेला रंग परत भरला. नानांचा उन्हाने रापलेला, तांबूस काळा गाल परत आला. शेवटी चित्राच्या कडा चारही बाजूंनी हळूच गडद केल्या. हे व्हिनेट. नेहमी ते मधोमध असतं, पण नाना कडेला होते, मधोमध ठेवलं असतं तर तेच अंधारात गेले असते. म्हणून भाऊंनी त्याचा मधला उजळ भाग उजवीकडे ओढला.

थांबलेल्या चित्रात नाना दिसत होते. पडद्यावर दुसरं काहीच नसल्यासारखे. आणि मग मला एकदम वाटलं की हे बघून ते उठून गेले असते, सतरंज्या गोळा करायला.

भाऊंनी मास्क चेहऱ्याबरोबर चालावा म्हणून ट्रॅकिंग लावलं. यंत्र चेहऱ्यावरच्या खुणा धरून व्हिडिओच्या एकेका सुट्या चित्रात गोल पुढे नेतं. नाना वाचत होते, मान हलवत होते, गोल त्यांच्यासोबत हलत होता. इतक्यात फेटेवाला एक माणूस मधून गेला. क्षणभर नाना झाकले गेले. यंत्राने तेवढ्यात खूण गमावली, आणि तो माणूस सरल्यावर गोल जाऊन बसला समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर.

"सुटला," भाऊ म्हणाले आणि मागे न्यायला हात पुढे केला. असं नेहमी होतं, तेवढी चित्रं हाताने जुळवावी लागतात.

मी म्हटलं, "थांबा. चालू द्या."

ती बाई ऐकत होती. पहिल्यांदाच मी तिच्याकडे पाहिलं, माझंच चित्रण असून. मान थोडी तिरकी, डोळे नानांच्या ओठांवर, एक हात अजून पदराखाली. वाचन संपायला आलं तसा तो हात बाहेर येतो. कागद घेतो. नाना पुढच्या माणसाकडे वळतात आणि चित्राबाहेर जातात.

सगळी गोष्ट त्या हातात होती. फिल्म गावकऱ्यांची, तिच्यात उजेड कोणावर हवा हे नानांना विचारलं असतं, तर त्यांनी याच बाईकडे बोट केलं असतं. पण घरी मला आईपुढे बसायचं होतं. तिला ती बाई बघायची नव्हती. मी सिद्धांत सांभाळला आणि तिला तिचा माणूस पुन्हा सापडला नाही, तर मी तिला काय सांगणार होते? आईला पटेल असं पत्रक मला लिहिता येत नाही.

भाऊंना मी विचारलं की गोल बाईवर ठेवला तर नाना किती दिसतील. त्यांनी नानांवरचा मास्क काढला, नवा बाईवर काढला आणि तो मोठा केला. कड पुन्हा मऊ केली, आधीपेक्षा पसरट. आता पूर्ण उजेड तिच्या चेहऱ्यावर होता, कागदापाशी तो कमी होत जायचा आणि नानांच्या गालाच्या बाजूला, वाकलेल्या कपाळाला फक्त त्याची सरती कड लागायची. बाई जागची हलत नव्हती, त्यामुळे यंत्रालाही ती धरणं सोपं गेलं. फेटेवाला आला तेवढी चित्रं भाऊंनी हाताने जुळवली. व्हिनेटही बाईवर सरकवलं. जास्त उचललं तर सावलीत चित्र रवाळ होऊन दाणे दिसायला लागत, म्हणून थोडं खाली आणलं. मग सगळं बंद करून दाखवलं, पुन्हा चालू केलं. चालू असताना काही केलंय असं वाटत नव्हतं. बंद केलं की काहीतरी गेल्यासारखं वाटायचं.

"आईंना नाही सापडले, तर या परत," ते म्हणाले. "गोल परत नानांवर नेईन. लोकांची फिल्म वेगळी, घरची वेगळी."

घरची वेगळी. बसमध्ये मला त्याच शब्दांचा मोह होत होता. दुसरी प्रत, फक्त आमची, ज्यात नाना एकटे उजेडात असतील. वाटेतलं पारोळा गेलं तरी मी त्याच विचारात होते.

धुळ्यात आईने दुपारचं ऊन नको म्हणून दार लोटलं आणि लॅपटॉपसमोर खाली बसली. मी काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. बोटही ठेवायचं नाही.

दृश्य आलं. आई आधी बाईकडेच बघत राहिली. मला वाटलं, संपलं. मग ती पुढे झुकली.

"ही कोणाचं ऐकतेय एवढं?" ती म्हणाली, आणि तिची नजर त्या बाईच्या नजरेमागून सरकत गेली, कागदावरून, वाकलेल्या कपाळावर.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कागद घेतला गेला, नाना वळले, उजेडाबाहेर गेले.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं. या वेळी ती बाईकडे थांबलीच नाही. लाउडस्पीकरची खरखर चालू होती. नानांचे ओठ हलायला लागले, आणि त्यांच्याबरोबर आईचे.

"ऐका," ती हळू म्हणाली, "मग घ्या."