बारशाचा हक्क

आमच्या वनमालाआत्याच्या वाटेला कुणी जात नाही. ती मुलुंडच्या एका पतपेढीत नोकरी करून निवृत्त झाली. स्वतःचं मूलबाळ नाही, पण घराण्यातल्या प्रत्येक पोराचं बारसं तिनेच केलंय. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करायचं, मग नाव सांगायचं आणि पाठीत धपाटे खायचे. तोवर नाव खुद्द आईबापांनाही कळत नसे. माझं नितेश हे नाव मला बारा वर्षांचा होईपर्यंत अजिबात आवडत नव्हतं, पण तक्रार करायची कुणाकडे?

माझ्या बहिणीचं, निधीचं, लग्न मिहिरशी ठरलं. लग्नाचा हॅशटॅग हवा, म्हणजे पाहुण्यांनी टाकलेले सगळे फोटो एका ठिकाणी सापडतील, असं आमची मामेबहीण मनाली म्हणाली. हॅशटॅग म्हणजे काय, हे आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे लग्नाचं नावच ना? मग ते आत्याने ठेवायचं.”

“आत्या, ते इंग्रजी अक्षरांत असतं,” मनाली म्हणाली. “मध्ये जागा सोडायची नाही, पटकन टाइप व्हायला हवं.”

“पतपेढीत पस्तीस वर्षं टाइप केलंय मी. तू मला शिकव आता!”

बाबा आत्यापेक्षा धाकटे. धाकट्या भावाने थोरल्या बहिणीला अडवायची आमच्यात पद्धत नाही. आत्याने नाव ठरवलं आणि परस्पर बोर्डवाल्याला सांगून आली. नाव आधी फोडायचं नाही म्हणून कुणाला दाखवलं नाही, कुणाला विचारलं नाही. मी एकदा खोदून पाहिलं, तर म्हणाली, “बारशाआधी नाव विचारतोस? लाज नाही वाटत?”

हळदीच्या सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बोर्ड उभा होता, वर आत्याची जरीची साडी टाकलेली. तिने ती ओढली. झेंडूच्या माळांमध्ये मोठी अक्षरं होती: #NidhiMihir. टाळ्या पडल्या. सुटसुटीत, वाचता येईल असं. आत्या नवऱ्या मुलीपेक्षा जास्त लाजली, हे मी लिहून ठेवतो.

मनालीने लगेच बोर्डाचा फोटो टाकला आणि हॅशटॅगवर बोट ठेवलं. तिचा चेहराच उतरला. तिथे दुसऱ्याच कुठल्या निधी आणि मिहिरचं लग्न आधीच लागून गेलं होतं. शेकडो फोटो. त्यांचा मिहिर मिशीवाला, घोड्यावर बसलेला.

“हा कोण?” काकू ओरडली. “आपल्या मिहिरला मिशी कधी आली?”

सगळे हसले. आत्या हसली नाही. तिने मोबाईल हातात घेतला, मिशीवाल्याकडे बघितलं आणि ती साडी मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं. नाव ठेवणं एवढं एकच काम घराण्याने तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. आता पुढचं मूल जन्मेल तेव्हा कुणीतरी हळूच म्हणणार, “या वेळी आपणच ठरवू या का?”

पिवळ्या साडीतली निधी तिच्याजवळ गेली. मी मागोमाग.

“माका म्हायत नाय होता गो बायो,” आत्या म्हणाली. रडू आलं की तिचं मालवणी बाहेर येतं. “ह्या नावाची दुसरी असतीत, ह्या बघूक होया होता.”

निधी तिचे डोळे पुसायला लागली, पण मी तिथेच थबकलो. बायो! निधीला आत्या जन्मापासून बायो म्हणते. तिच्यामुळे आम्ही सगळेच म्हणतो, मिहिरसुद्धा. मी BayoMihir टाकून शोधलं. एकही फोटो नाही. पुन्हा शोधलं. कोरं. हुश्श झालं! मोबाईल आत्यासमोर धरला.

“आत्या, हे नाव कुणी ठेवलं?”

तिने चष्मा चढवला, एकेक अक्षर वाचलं. “मीच,” ती म्हणाली.

मग धावपळ उडाली. मनालीने बोर्डावर पांढरा कार्डपेपर चिकटवला, जाड मार्करने नवं नाव लिहिलं, आपल्या पोस्टमधला हॅशटॅग बदलला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना कळवलं. अकाउंट प्रायव्हेट असणाऱ्यांचे फोटो इतरांना दिसणार नाहीत, हेही तिने बजावलं, कारण काकूचं तसंच होतं.

“थांबा,” निधी म्हणाली. “आधी बारसं.”

ती पाटावर बसली. आत्या वाकली, तिच्या हळदीच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं. आम्ही सगळ्यांनी मिळून आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यात जोरात बाबांनी.

“हळू रे मेल्यांनो!” ती हसत ओरडली.

जेवणं होईपर्यंत चाळीसएक फोटो जमले होते. आत्या ते एकेक करून वर सरकवत होती, शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.

“नितेश,” ती म्हणाली, “सगळी आपलीच माणसं आहेत रे.”