आवाज येतो, चित्र येत नाही

घाटकोपरला माझं जुन्या गेम कन्सोलच्या दुरुस्तीचं दुकान आहे, आणि खरं सांगायचं तर मी आता कंटाळलोय. माणसं येतात आणि एकच विचारतात, 'ही केबल बसेल ना?' बसतं हो, सगळंच बसतं. कंपनीने जुन्या राखाडी कन्सोलला आणि नंतरच्या काळ्याला मागे एकसारखंच चपटं भोक दिलं. आत कुठला सिग्नल आहे, हे कुणाला विचारायचं नसतं.

त्या सोमवारी वाकोल्याहून एक बाई आल्या. पिशवीत राखाडी कन्सोल आणि कोरी पाच पिनांची केबल.

"दादा, हा गेला बहुतेक. नवीन टीव्हीला लावला, तर नुसता आवाज येतो."

त्यांचा धाकटा भाऊ अर्धांगाच्या झटक्यानंतर घरीच असतो; झटक्याने नजरही थोडी अधू झालीय. दिवसभर गाड्यांच्या शर्यती खेळतो, तेवढीच त्याची करमणूक आणि तेवढाच हाताला व्यायाम. जुना टीव्ही भंगारात गेला. बाईंनी सकाळी घाईत नवी केबल जोडली, आवाज ऐकला आणि कामावर पळाल्या. रोज संध्याकाळी विचारलं की तो म्हणायचा, "मस्त आहे." रविवारी त्यांनी दारातून पाहिलं, तर पडदा काळा आणि भाऊ कंट्रोलर धरून बसलेला.

"मी काही बोलले नाही. उगाच घाबरेल म्हणून तो झोपल्यावर गुपचूप बंद केला."

मी चिडलोच. केबल विकणाऱ्याने एक शब्द सांगायला काय झालं होतं? या केबलला हिरवी, निळी, लाल अशा तीन पिनांवर चित्राचा कॉम्पोनंट सिग्नल लागतो; तो काळा कन्सोल देतो, राखाडी देतच नाही. आवाजाच्या तारा मात्र दोन्हीकडे सारख्याच, म्हणून आवाज बिनबोभाट येतो आणि माणूस फसतो.

मी जुनी पिवळ्या पिनेची साधी केबल लावली. माझ्या टीव्हीवर लगेच चित्र आलं, थोडं धुरकट, पण आलं. बाईंच्या फोनमध्ये त्यांच्या टीव्हीच्या मागचा फोटो होता. हिरव्या भोकाखाली बारीक अक्षरांत 'व्हिडिओ' असंही लिहिलेलं. "ताई, पिवळी पिन या हिरव्यात घाला, लाल-पांढरी आवाजाच्या भोकांत. आणि रिमोटवर एव्ही निवडा."

त्यांना धीर धरवेना. तिथूनच भावाला फोन लावला, स्पीकरवर.

"अरे, कन्सोल चांगलाय. मीच चुकीची केबल आणली होती. चित्र येणारच नव्हतं."

पलीकडून जड जिभेने, शब्द जुळवत तो म्हणाला, "ताई, म्हणजे तुलाही काळंच दिसत होतं?"