तन्मण्याचं माप

मोती पाण्यात जन्मतात, तेव्हा त्यांना पाण्याचं भय कसलं, असा सरळ हिशेब करून मी माझ्या धाकट्या बहिणीचा तन्मणी रिठ्याच्या पाण्यात भिजत घातला. ती विहिरीवर गेली होती. परत येईपर्यंत दागिना लखलखीत करून तिच्या हातात ठेवावा, एवढाच हेतू. भिजवून झाल्यावर तो मी ओटीवरच्या खुंटीला वाळत टांगला, धोतर टांगावं तसा. रेशीम ओलं, जुनं, आणि खाली खोडाचं वजन. खोड म्हणजे तन्मण्याच्या मध्यावर लोंबतं ते खड्यांचं पदक. दुपारपर्यंत सगळे सर ताणून लांब झाले आणि त्यातला एक तुटला. मोती शेणाच्या जमिनीवर चहूकडे उधळले. बहीण कळशी घेऊन आली, तेव्हा तिचा कारकून भाऊ चौघांदेखत रांगत होता. चौघं म्हणजे ती स्वतः, बायको, मांजर आणि मांजराला हुसकायला आलेला शेजारचा कुत्रा.

तिनं कळशी ठेवली, पदर खोचला आणि माझ्याशेजारी रांगायला लागली.

त्या तन्मण्याचं सांगितलं पाहिजे. तो तिच्या लग्नातला, सासरचा, खालापूरचा. लग्नानंतर दोन पावसाळे झाले आणि तिचा नवरा तापानं गेला. ती आमच्याकडे कर्जतला आली ती कायमचीच. कपाळ मोकळं, हात मोकळे, गळा मोकळा. सासरच्यांनी तन्मणी मागितला नव्हता, म्हणून तो तिच्या ट्रंकेत राहिला होता. सन चाळीसच्या पुढचा तो काळ. आमच्यासारख्या घरात विधवेनं मोत्यांचा सर गळ्यात घालावा हे कोणी मनातही आणत नसे. मीही आणलं नव्हतं.

पण दागिना सांभाळायला कोणाची ना नव्हती, आणि तो ती असा सांभाळी की लोक तान्ही मुलंही तशी सांभाळत नाहीत. मऊ मलमलीत गुंडाळून, सोन्याच्या दागिन्यांपासून वेगळा, कारण सोन्याच्या कडा मोत्याला चरे पाडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात कधी नाही. मधून मधून काढायची, सावलीत कापडावर आडवा पसरायची, पुसायची आणि पुन्हा ठेवायची. एवढं करूनही मोती उतरत चालले होते. एकदा तिनं तो माझ्या बायकोपुढं धरला.

"वहिनी, बघा कसे मलूल दिसतात. मोत्यांना अंग लागतं. सणावाराला तुम्ही घालत जा."

"वन्सं, तुमचा दागिना मी कसा घालू?"

"माझ्यासाठी घाला."

तेव्हापासून सणाच्या दिवशी बायकोच्या गळ्यात तन्मणी आणि तिच्यामागं बहिणीचं राज्य. आधी तेल, अत्तर, गजरा, सगळं होऊ दे, मग शेवटी तन्मणी. उतरवताना तो पहिला. चुलीपाशी जायचं नाही. चिंच, लिंबू हाताला लागलं असेल तर त्याला बोट लावायचं नाही. उतरवला की ओलसर मलमलीनं पुसायचा, कारण घाम मोत्याला खातो आणि रेशमालाही. बायको म्हणायची, "सण तुमचा नि वेठ माझी." पण घालायची. बहीण समोर बसून बघत राहायची. मी पानसुपारी खात बसलेला असे. मला वाटे, दोघींना हौस आहे.

मग एक दिवस तिचा धाकटा दीर खालापुराहून आला. मुलगा भला. पाटाच्या कडेवर बसून त्यानं चहा थंड होऊ दिला आणि शेवटी एकदाचं सांगितलं की त्याचं लग्न ठरलं आहे, आणि आई म्हणते, घरचा तन्मणी नव्या सुनेच्या अंगावर यावा.

"वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तर मी आईला..."

"नाही कशाला म्हणू? घरचाच आहे तो. पुसून ठेवते, पुढच्या आठवड्यात न्या."

पुढचा आठवडा आला आणि दीर यायच्या आधी दोन दिवस मी ते रिठ्याचं प्रकरण केलं.

बाजारच्या दिवशी पटवेकरी येत असे. दागिने रेशमात ओवून देणारा म्हातारा, पनवेलकडचा. बहिणीच्या लग्नात हा तन्मणी त्यानंच ओवला होता. त्याला गाठून घरी आणलं. ओटीवर बसून त्यानं ताणलेले सर बोटावर घेतले आणि माझ्याकडे बघितलं.

"कोनी धुतला ह्यो?"

"मी."

"कचेरीत बी असंच करता का?"

बहीण आतून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, म्हणून मी ते सोसलं.

एक सर तुटला असला तरी बाकीच्यांचंही रेशीम कुजलं होतं. सगळे कापून नव्यानं ओवायचं ठरलं. बहिणीनं मोती पांढऱ्या कापडावर घेऊन लहानमोठे लावून दिले. एकही हरवला नव्हता, मांजराची कृपा. म्हाताऱ्यानं रेशमाचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून पीळ घातला, दुसऱ्या टोकाला डिंक लावून ते सुईसारखं ताठ केलं आणि ओवायला लागला. सर भरले. गाठी मारायच्या राहिल्या. तिथं तो थांबला.

"घरातल्या बाईंना बोलवा. गल्यावर माप घेतल्याबिगर गाठ मारता यायची नाय."

"जुन्या सरांवरून घ्या की," मी म्हणालो.

"जुनं सर तुमी वाळत घातलं. ते आता म्हशीच्या मापाचं झालं."

मागचा गोफ ओढून तन्मणी लहानमोठा होतो हे मला माहीत होतं. ते मी ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "गोफ व्हतो. पन सर एकाखाली एक बसतात का, खोड गल्याच्या खळीत येतं का, ते गल्याबिगर कसं कलंल?"

आता पंचाईत अशी की बायकोला सकाळीच कावळा शिवला होता. ती मागच्या पडवीत घोंगडीवर वेगळी बसलेली, कशाला शिवायची नाही. लग्नाच्या दागिन्याला तर नाहीच. आणि दीर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा.

"शेजारच्या काकूंना हाक मारतो," मी म्हणालो.

पडवीतून बायकोचा आवाज आला, "काकू नेरळला गेल्यात लेकीकडं. उगीच हेलपाटा घालू नका."

मग मी माझी मान पुढं केली. हे मी अगदी गंभीरपणे केलं. म्हाताऱ्यानं ती नीट निरखली.

"रावसाब, ह्या मापानं ववला तर नवरी त्यो कमरंला बांधील."

बहीण उंबऱ्याच्या आत मोत्यांचं रिकामं कापड झटकत होती. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं नाही. त्याचे डोळे पायाच्या अंगठ्याकडे होते.

"ताई, जरा धरा गल्याशी."

तिचे हात थांबले.

"मी कशी धरू, बाबा?"

"गाठ पडली नाय अजून. गाठ पडंस्तवर ह्यो दागिना नव्हं. नुसता दोरा हाय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी घरातला कर्ता पुरुष. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मी जरा सुपारी कातरतो," आणि अडकित्ता शोधायला लागलो. तो माझ्या हातातच होता.

ती उंबरा ओलांडून बाहेर आली, बसली आणि सर दोन्ही हातांनी गळ्याशी धरून टोकं मानेमागं नेली. खोड खळीत आलं. आरसा नव्हता आणि तिनं मागितलाही नाही. नुसती मान थोडी वर केली. त्या मानेला ती सवय अजून होती.

"बरूबर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"खालचा सर सैल वाटतो."

त्यानं सर परत घेतला, मोती मागं सारला, पुन्हा दिला. तिनं पुन्हा धरला.

"आता खोड डावीकडं जातंय."

पुन्हा घेतला, पुन्हा दिला. मग मधला सर वर चढत होता. मग पहिलाच फार घट्ट झाला. मला तर सगळं मघापासून बेताचं दिसत होतं. सासरचा दागिना म्हणून ही इतकी काटेकोर, असं मला वाटलं, आणि म्हाताऱ्याचा बाजार बुडतोय म्हणून मी मधे म्हणालोही, "अगं, झालं की आता." म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सावकाश ताई. मला कुटं जायचं नाय."

ऊन पायरीवरून खाली गेलं तेव्हा ती म्हणाली, "आता बरोबर आहे." आणि तरी जरा वेळ तशीच बसली. मग तिनंच तो उतरवून त्याच्या हातात दिला. त्यानं गाठी मारल्या, मागं गोफ लावला, गोंडा बसवला. दागिना झाला. मग मात्र तिनं तो दोन बोटांनी, परक्याचा घ्यावा तसा घेतला. मलमल ओली करून पिळली आणि एकेक मोती पुसला. अंगावरून उतरवलेला पुसावा तसा.

दुसऱ्या दिवशी दीर आला. तिनं पुडकं हातात दिलं आणि नव्या जावेसाठी निरोप सांगितला. गजरा, अत्तर आधी, हा शेवटी. उतरवताना हा पहिला. पाण्यात घालायचा नाही, टांगायचा नाही. हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं. रेशीम सैल दिसलं की लगेच ओवून घ्यायचा, तुटायची वाट बघायची नाही.

"आणि नुसता ठेवू नका म्हणावं," ती म्हणाली. "घालू दे तिला. नेहमी घालू दे."

"हो वहिनी," तो म्हणाला आणि खाली वाकून पाया पडला. तो वळणावर दिसेनासा झाला तरी ती ओटीवर उभी होती. एक हात गळ्याशी. मग चूल फुंकायला आत गेली, कारण माझी बायको बाहेर बसलेली होती आणि घरचं सगळं तिच्याच अंगावर पडलं होतं.

पुढं कित्येक महिने ताक घुसळताना, निवडताना, कोणी बोलत असताना तिचा हात तिथं जायचा आणि रिकामा खाली यायचा. तन्मणी बिघडवला तो मी, आणि तो हात बघायचाही मीच.

ती फार जगली नाही. तिचं दिवसकार्य आटोपलं, माणसं पांगली, आणि मी ओटीवर त्याच खुंटीखाली बसून बायकोला म्हणालो, "तेव्हा तुला नेमका कावळा शिवला म्हणून, नाहीतर तन्मणी तेवढाही तिच्या गळ्याला लागला नसता."

बायको तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला कुठला कावळा शिवायला," ती म्हणाली. "आणि काकू घरीच होत्या."