एकेचाळीसाव्या मिनिटाची नोंद

संग्रहालयात सगळे त्यांना मावशी म्हणत. एकोणीस वर्षं त्या ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून नोंदी करत होत्या. कोणत्या मिनिटाला कोणता विषय, मग ठरलेल्या यादीतले विषयशब्द, शेवटी दहा ओळींचा सारांश. "दोन-दोन तास कोणी ऐकत बसत नाही," त्या नव्या पोरीला सांगत. "लोक नोंद शोधतात. तिथं नसेल ते हरवलंच म्हणून समज."

त्या दिवशी एका निवृत्त नर्सची मुलाखत होती. कारखान्याची जुनी आग. मावशींचे वडील त्याच कारखान्यात कामगारांच्या वेळा नोंदणारे टाइमकीपर होते. आत अडकलेल्या बायकांसाठी दार फोडताना त्यांचा हात भाजला, असं आई अजूनही कौतुकानं सांगते. वडील त्याबद्दल शेवटपर्यंत बोलले नाहीत.

एकेचाळीसाव्या मिनिटाला नर्स म्हणाली, "दार कोणी फोडलं नाही हो. बायका मध्येच बाहेर जाऊ नयेत म्हणून टाइमकीपरनंच कुलूप लावलं होतं. किल्ली खिशात घालून तो जेवायला गेला. परत आला तेव्हा कुलूप तापलेलं. हात त्यावरच भाजला. पट्टी मीच बांधली. म्हणाला, सिस्टर, कुणाला सांगू नका."

मावशींनी तो भाग परत लावला. पुन्हा लावला. शब्द तेच होते.

मग त्यांनी टाइप केलं: अडतीसावं मिनिट, आग लागणे. सत्तेचाळीसावं, रुग्णालयातील दिवस. विषयशब्द: आग, रुग्णालय, अपघात.

"मावशी, मधली नऊ मिनिटं कुठं गेली?" पोरगी खांद्यावरून वाकली. "माझं दीड मिनिट सुटलं तर केवढं बोलता!"

"तिथं आवाज नीट नाही गं."

"द्या, मी बघते. माझे कान तरुण आहेत."

तिनं हेडफोन लावला. हसू हळूहळू मावळलं.

"आवाज तर स्वच्छ आहे. हा टाइमकीपर कोण, मावशी?"

"माझे बाबा."

हेडफोन पोरीच्या हातात तसाच राहिला. मावशी खुर्चीवरून उठल्या.

"बस इथं. घरच्या माणसाबद्दलची नोंद आपण करायची नाही, दुसऱ्याकडे द्यायची. मला आधीच द्यायला हवी होती."

पोरगी बसली. बोटं कळांवर नुसतीच टेकली.

"टाइमकीपरनं दार बंद केलं... असंच लिहू?"

"आधी 'निवेदिकेच्या म्हणण्यानुसार' लिही. मग जे म्हणाली ते लिही. तिचं बोलणं आपलं करायचं नाही, आणि गिळायचंही नाही."

"आणि विषयशब्दांतला 'अपघात'?"

मावशींनी पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. "काढ. कुलूपबंद दार घाल. यादीत नसेल तर नवा शब्द म्हणून सुचव."

नोंद करणाऱ्याच्या रकान्यातलं आपलं नाव त्यांनी स्वतः पुसलं. पर्स घेतली.

"साहेबांना सांग, आज संकेतस्थळावर चढवू नका. उद्या चढवा."

"उद्या का?"

"आईनं हे नोंदीत वाचायला नको. तिला मी सांगते."