जावयाचं कमिशन

माझी सासुरवाडी इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अलीकडे. सासऱ्यांची डाळिंबाची बाग आहे. त्यांना बायको आप्पा म्हणते, मी मामा म्हणतो आणि ते मला जावईबापू म्हणतात, पण त्या 'बापू'त आदर किती आणि चेष्टा किती हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला ठरवता आलेलं नाही.

मी बारामतीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. बायको एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जाते. मामांच्या मते आमच्या दोघांत नोकरी तिलाच आहे. "तुमी काय, घरीच असता," असं ते मला अगदी मायेनं म्हणायचे.

एका ढगाळ सकाळी आम्ही सासुरवाडीला होतो. रात्रभर भुरभुर झाली होती आणि डाळिंबावर तेल्या रोग पडायची भीती होती. मामांना ताबडतोब फवारणी हवी होती. त्यांच्याकडे ब्लोअर नव्हता. ट्रॅक्टरच्या मागं टाकी आणि मोठा पंखा बसवलेलं ते यंत्र ज्याच्याकडे असतं, तो भाड्यानं येऊन फवारून देतो. पण ढग आले की सगळ्या गावाला तो एकाच वेळी हवा असतो. मामा सकाळपासून ब्लोअरवाल्याला फोन लावत होते आणि तो दर वेळी "निघालोच" म्हणत होता. मी गंमत म्हणून दुसऱ्या गावातल्या ब्लोअरवाल्यांना फोन केले. एक जण चक्क रिकामा होता, त्याला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

तिथंच माझ्या डोक्यात आलं. ब्लोअरवाल्यांनी आपली मोकळी वेळ फोनवर टाकायची, बागायतदारानं ती बघून पकडायची, दोघांना मेसेज जाणार. ॲप तयार करायला मला दोन-तीन महिने लागले. अवघड भाग नंतर सुरू झाला. पैसे कुणाकडून आणि कसे घ्यायचे?

रविवारी सासुरवाडीला जेवताना तिघांनी तीन मतं मांडली. माझं मत कमिशन. बुकिंग झालं, फवारणी झाली की ब्लोअरवाल्याच्या भाड्यातला थोडा हिस्सा आपला. आधी कुणी काही द्यायचं नाही, त्यामुळे लोक पटापट येतील. बायको म्हणाली, "महिन्याची वर्गणी ठेवा. आपला खर्च महिन्याला आहे, तर पैसेही महिन्याला यायला हवेत."

"वर्गणी गणपतीची आसती," मामा म्हणाले. "दर म्हैन्याला कोण देणार? एकदाच काय ती किंमत सांगा, इकून मोकळे व्हा. पंप इकतंय तो दुकानदार परत पैसं मागाया येतो व्हय?"

ॲप मी लिहिलं होतं, म्हणून माझं चाललं. कमिशन.

सुरुवात झकास झाली. फुकट आत यायचं होतं, त्यामुळे इंदापूरकडचे आणि बारामतीकडचे ब्लोअरवाले पटापट जोडले गेले. बुकिंगं येऊ लागली. मी बायकोला रोज आकडा दाखवायचो आणि ती "छान" म्हणून भाजी चिरायची. मग एक गोष्ट दिसायला लागली. एखादा बागायतदार एकदा बुकिंग करायचा आणि पुन्हा फिरकायचाच नाही. डाळिंबाला तर ओल्या हवेत आठ-दहा दिवसांनी फवारणी लागते. मग ही माणसं गेली कुठं?

मी गाडी काढून एका ब्लोअरवाल्याकडे गेलो. हायवेपासून आत त्याचं शेड होतं. माणूस मोठा गोड. त्यानं चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली आणि माझ्या ॲपचं तोंड भरून कौतुक केलं. "लय भारी बनीवलंय साहेब. नवी गिऱ्हाईकं मिळाली."

"पण मग बुकिंगं का कमी झाली?"

तो काही बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर घेतला, कारण हाताला ग्रीस होतं.

"आरं, उंद्या सकाळी येतोस का? मागल्या टायमासारखं. आन त्या मोबाईलवरनं नगं बाबा, थेटच ये. त्यात जावई कमिशन कापतंय."

आवाज माझ्या सासऱ्यांचा होता.

ब्लोअरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी चहाच्या कपाकडे. "येतो आबा," तो फोनला म्हणाला आणि घाईघाईनं बंद केला. मग मला म्हणाला, "बिस्कीट घ्या की साहेब."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मला मात्र राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. पुढच्या रविवारी मी मामांना विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत.

"मग? त्यो मला वळखतो, मी त्याला वळखतो. मधी तुमचं काम काय?"

"पहिल्यांदा ओळख मी करून दिली ना?"

"व्हय. त्येचं कमिशन दिलं की. सोयरीक जुळवणारा दर वर्षी पैसं घेतो का?"

मी फोन नंबर लपवायचा विचार केला. म्हणजे त्यांचं बोलणं ॲपमधूनच होईल. पण ब्लोअरवाल्याला शेत सापडायला फोन करावाच लागतो, आणि एकदा बांधावर दोघं समोरासमोर आले की नंबर काय, पोराबाळांची चौकशीसुद्धा होते. शिवाय भाडं रोख हातात मिळायचं, माझा हिस्सा मला नंतर मागावा लागायचा. मागताना मी इतका अवघडायचो की अर्ध्या वेळा मागायचोच नाही. एकदा भेटून संपणाऱ्या गाठीला कमिशन ठीक. इथं तर तीच दोन माणसं पुन्हा पुन्हा भेटत होती, आणि पुन्हा भेटायला त्यांना माझी गरज नव्हती.

कमिशन बंद केलं. आता मामांची पाळी होती. "इका एकदाच," ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांनी मनापासून मदत केली. बागायतदाराला फुकट, ब्लोअरवाल्यानं एकदाच पैसे भरायचे आणि आजन्म वापरायचं. मामांनी पाव्हण्यारावळ्यांत, लग्नांत, सोसायटीच्या बैठकीत, जिथं जातील तिथं ब्लोअरवाला गाठला. "आमच्या जावयानं केलंय" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. थोड्याच दिवसांत खात्यावर बरे पैसे जमले. मी नवी फिरती खुर्ची घेतली. बायको तिच्याभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "आजन्म म्हणजे कुणाच्या जन्मापर्यंत हो? त्यांच्या का आपल्या?"

मला तेव्हा तो नुसता टोमणा वाटला. पुढं कळलं. सर्व्हरचं बिल दर महिन्याला येत होतं, मेसेजांचे पैसे दर महिन्याला जात होते, आणि लोक जितके जास्त वापरत तितके जास्त जात. विक्री मात्र थांबली. घेणाऱ्यांनी घेऊन झालं होतं, आणि दोन तालुक्यांत ब्लोअर काही रोज नवे येत नाहीत. फोन मात्र रोज यायचे. कुणी मोबाईल बदलला, कुणाचं पोरगं ॲप उडवून बसलं. "आमी पैसं भरल्यात," प्रत्येक जण नम्रपणे आठवण करून द्यायचा. त्याचं बरोबरच होतं. म्हणजे जो जितका खूश, तितका मला महाग पडत होता.

उरली बायकोची वर्गणी. ती जिंकल्याचा चेहरा करून बसली नाही, हे तिचं मोठेपण. पण तिचं गणितही पहिल्या फटक्यात जमलं नाही. एकरकमी न घेतलेल्यांना आणि नव्या येणाऱ्यांना आम्ही महिन्याची वर्गणी लावली, खात्यातून आपोआप कापली जाईल अशी. पहिले काही महिने ठीक गेलं. मग बागा ताणावर गेल्या, म्हणजे बहार धरायच्या आधी झाडांचं पाणी तोडलं. त्या दिवसांत फवारणी जवळजवळ नसते. ब्लोअर शेडमध्ये उभे आणि आमची वर्गणी चालूच. खात्यांत पैसे नव्हते म्हणून काहींचे हप्ते परत आले, काहींनी ते बंदच करून टाकले. एकानं मला विचारलं, "मशीन झोपलंय आन तुमचं मीटर पळतंय, ह्ये कसं?"

"आता बोल," मी बायकोला म्हणालो. मला थोडा आनंद झाला होता, हे लपवायचा मी प्रयत्न केला नाही.

ती शनिवारी मला घेऊन त्याच चहावाल्या, ग्रीसच्या हाताच्या ब्लोअरवाल्याकडे गेली. विकायला नव्हे, बसायला. तो ॲप कशासाठी उघडतो ते बघत बसली. नवं गिऱ्हाईक शोधायला तो क्वचितच उघडत होता. उद्या कुणाकुणाकडे जायचंय, कुणाच्या बागेत किती टाक्या झाल्या, हे बघायला तो दिवसातून कितीदा तरी उघडत होता. माझ्या सासऱ्यांसारख्यांनी थेट फोनवर सांगितलेली कामंसुद्धा तो स्वतःच त्यात टाकत होता.

परतताना ती म्हणाली, "अहो, ओळखीचे पैसे एकदाच मिळतात, आप्पा म्हणाले ते खरंच. पण ह्याचं रोजचं काम त्यात चाललंय. त्याचे पैसे तो देईल. फक्त त्याच्या हातात पैसा असेल तेव्हा मागायचे."

मग आम्ही बहाराची, म्हणजे एका पिकाच्या हंगामाची, वर्गणी केली. बहार धरला की एकदा भरायची, बहार संपला की संपली. पुढचा बहार आला की आपण विचारायचं, तो नको म्हणू शकतो. बागायतदाराला फुकट, कमिशन नाही. आजन्मवाल्यांचं काय करायचं यावर आमचं भांडण झालं. मला त्यांनाही नव्या दरात ओढायचं होतं. बायको म्हणाली, शब्द दिलाय तो दिलाय. शेवटी त्यांनी जेवढं विकत घेतलं होतं तेवढं आजन्म तसंच ठेवलं, आणि टाक्यांचा आपोआप हिशोब, आठवणीचे मेसेज असं जे नंतर केलं ते हवं असेल तरच वर्गणी. निम्म्याहून अधिकांनी भरली. काहींनी नाही भरली, ते अजून जुन्यावरच सुखात आहेत आणि मला अजून फोन करतात.

मामांना त्यांचा एकरकमी धंदा मोडल्याचं थोडं वाईट वाटलं. "पाव्हण्यांना काय सांगू?" म्हणाले. पण कुणाचं काही गेलेलं नाही हे कळल्यावर त्यांनी नवी वर्गणीही त्याच उत्साहानं खपवायला घेतली, फक्त तिला ते वर्गणी म्हणत नाहीत, 'बहाराचं' म्हणतात. खूप पैसा मिळत नाही. खर्च भागतो, वर थोडं उरतं, आणि नोकरी मी सोडलेली नाही.

मागच्या बहाराला लोणी भापकरकडून एका बाईंचा फोन आला. ब्लोअर नवरा चालवतो, पण कामाच्या वेळा त्याच लावतात, गिऱ्हाइकांशी त्याच बोलतात, असं म्हणाल्या. वर्गणी त्यांनी त्यांच्या फोनवरून भरली होती.

"पावती ह्यांच्या नावानं आलीया," त्या म्हणाल्या.

"हो, खातं त्यांच्या नावावर आहे."

"ते बदला. काम मी बघते, पैसं मी भरलं."

पावत्या बायको बघते, म्हणून मी तिला विचारलं, खातं असं बदलता येईल का. फोनवरचं ऐकून ती तोवर बदलायला बसलीसुद्धा होती.